भाव, भाडे आणि रिकामे दिवस : गिऱ्हाइकांसाठी तिमाहीचे एक पान

आमच्या पहिल्याच पानामुळे एका कारागिराचा गाळा गेला. ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. पण आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी बहुतेकजण भाड्याच्या जागेत बसतात, आणि काहीजणांचा स्वतःचा एखादा गाळा भाड्याने दिलेला असतो. दोघांच्याही हाती हल्ली दलालाचे छापील पत्रक येते. ते कसे तयार होते आणि कोठे फसवते, हे आमच्या चुकीवरून जितके स्पष्ट होईल तितके दुसऱ्या कशावरून होणार नाही.

आम्ही पुण्यात कोंढव्याला घरे, दुकाने आणि गाळे विकून देण्याचे व भाड्याने लावून देण्याचे काम करतो. जुलै २०२३ मध्ये आम्ही ठरविले की, दर तीन महिन्यांनी एक पान काढायचे. त्यात आपल्या भागात घरांना काय भाव मागितला जातो, भाडे किती चालले आहे, रिकामी जागा लागायला किती दिवस जातात आणि आमचे मत काय, एवढेच असेल. एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीचे पहिले पान आम्ही मोठ्या हौसेने छापले आणि ओळखीच्या सर्व मालकांना वाटले. त्यावर एक ओळ होती : "लहान गाळे, सरासरी भाडे २६,००० रुपये."

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांना सगळे हाजीसाहेब म्हणतात. आतल्या गल्लीत त्यांचा १६० चौरस फुटांचा गाळा. त्यात शेरवानी शिवणारे एक मास्टर दरमहा १८,००० रुपये देऊन बसले होते. अकरा महिन्यांचा करार ऑगस्टअखेर संपत होता. हाजीसाहेबांनी आमचे पान पुढे केले आणि म्हणाले, "मास्टर, बाजार २६ चा आहे, तुम्ही आपले आहात, २५ द्या." मास्टरांनी हात जोडले. १९,००० पर्यंत ते यायला तयार होते. सौदा मोडला. मास्टर दोन मशिनी आणि इस्त्रीचे टेबल घेऊन दुसऱ्या वस्तीत पहिल्या मजल्यावर गेले. तेथे चढून येणारे गिऱ्हाईक पहिल्या सहा महिन्यांत निम्मेही नव्हते.

गाळा मात्र १ सप्टेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे साडेचार महिने, रिकामा राहिला आणि शेवटी १९,००० रुपयांनाच लागला. म्हणजे मास्टर जे देत होते तेच. हाजीसाहेब आमच्या कार्यालयात आले, पान टेबलावर ठेवले आणि फक्त एवढेच विचारले, "हे २६ कोठून आणले?"

आम्ही वही काढली. त्या तिमाहीत आमच्याकडे सहा गाळ्यांचे आकडे होते. गल्लीतले चार : १७,०००, १८,०००, १८,५०० आणि १९,०००. हमरस्त्यावरचे दोन : ४०,००० आणि ४३,५००. सहांची बेरीज १,५६,०००, भागिले सहा, बरोबर २६,०००. गणितात चूक नव्हती. पण सहांपैकी एकाही गाळ्याचे भाडे २६,००० च्या आसपास नव्हते. त्यातही ४०,००० हा नुसता मागितलेला आकडा होता, तो गाळा तेव्हा रिकामाच होता. आणि ४३,५०० खरोखर मिळाले होते, पण कशाचे? एका कपडेवाल्याने रमजानच्या बाजारापुरता एका महिन्यासाठी घेतलेल्या दुकानाचे. वर्षभराच्या भाड्याच्या रांगेत तो आकडा बसविणेच चूक होते.

तेव्हापासून आम्ही सरासरी काढणे सोडले. गल्ली आणि हमरस्ता यांची सरमिसळ करीत नाही, आणि आकडे लहान-मोठे असे रांगेत लावून मधला घेतो. गल्लीतल्या चार आकड्यांचा मध्य १८,००० आणि १८,५०० यांच्या मध्ये, म्हणजे १८,२५० येतो. त्या दिवशी हाजीसाहेबांच्या हाती ही ओळ असती तर मास्टर आज तेथेच असते. मधल्या आकड्याचा गुण असा की, एखादा वेडावाकडा आकडा आला तरी तो फारसा हलत नाही. सरासरी मात्र एका हमरस्त्याच्या दुकानाने हजारोंनी वर जाते. आणि ज्या प्रकारच्या जागेचे पाचपेक्षा कमी व्यवहार असतील तेथे आम्ही मध्यही ठसठशीत छापत नाही. "चारच व्यवहार, १७ ते १९ हजारांच्या दरम्यान" असे सरळ लिहितो. चार व्यवहारांवरून बाजार वाढला की उतरला हे कोणी सांगू लागला तर त्याच्याकडे वही मागावी.

मागितलेला भाव आणि ठरलेला भाव

पानावर घरांच्या विक्रीचा जो भाव येतो तो बहुतेक वेळा मागितलेला असतो. मालक बोर्डावर लिहितो, दलाल जाहिरातीत लिहितो. हा आकडा निरुपयोगी नाही. विकणारा काय आशा धरून बसला आहे ते त्यावरून कळते. पण त्याला भाव म्हणू नये, "मागणी" म्हणावे, आणि आम्ही पानावर तोच शब्द वापरतो.

मागणी मोजताना दोन फसगती नेहमी होतात. पहिली अशी की, एकच फ्लॅट चार दलालांकडे असतो आणि चार जाहिरातींत चार वेगळ्या भावांनी दिसतो. जाहिराती मोजल्या तर चार फ्लॅट विक्रीला आहेत असे वाटते. म्हणून आम्ही इमारत, मजला आणि क्षेत्रफळ जुळवून एका फ्लॅटची एकच नोंद ठेवतो आणि सर्वांत कमी मागणी धरतो, कारण गिऱ्हाईकही तीच धरणार.

दुसरी फसगत चौरस फुटाची. ६० लाखांचा फ्लॅट आहे. आत फरशीवर मोजला तर ६०० चौरस फूट भरतो. जिना, भिंती, गच्चीचा वाटा धरून विकणारा त्याला ८४० म्हणतो. पहिल्या हिशेबाने भाव फुटाला १०,००० रुपये, दुसऱ्याने सुमारे ७,१४३. फ्लॅट तोच, पैसे तेच. रेरा कायदा २०१७ पासून पूर्णपणे लागू झाल्यावर नोंदणीकृत नव्या प्रकल्पांत चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक आहे. पण आमच्याकडे बहुतेक व्यवहार जुन्या इमारतींतल्या फेरविक्रीचे, आणि तेथे जुनीच बोली चालते. दोन दलालांच्या पत्रकांत फुटाच्या भावात तीस-चाळीस टक्क्यांचा फरक दिसला तर बाजार शोधू नका, आधी दोघांचा फूट एकच आहे का ते विचारा.

ठरलेला भाव पाहायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोन पाहावी. नोंदणी झालेल्या व्यवहाराचा मोबदला, क्षेत्रफळ आणि तारीख त्यात असते आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधताही येते. आम्ही तिमाही संपल्यावर आमच्या भागातल्या सूचीतले व्यवहार उतरवून घेतो आणि मागणीच्या शेजारी लिहितो. यालाही मर्यादा आहेत. बोलणी एका महिन्यात ठरतात आणि नोंदणी दोन-तीन महिन्यांनी होते, म्हणून सूची नेहमी थोडी मागची असते. त्याच सूचीत "बाजारमूल्य" असा एक रकाना असतो, त्यावरून पुष्कळांचा गोंधळ होतो. तो आकडा सरकारी मूल्यदर तक्त्यावरून मुद्रांक शुल्कासाठी काढलेला असतो. त्या दराने फ्लॅट विकला गेला असा त्याचा अर्थ नाही. "मोबदला" वाचावा.

भाडे आणि अनामत

भाड्याचा आकडा एकटा कधी वाचू नये. दोन गाळे घ्या. एकाचे भाडे १८,००० आणि अनामत एक लाख. दुसऱ्याचे भाडे १५,५०० आणि अनामत चार लाख. दुसरा स्वस्त वाटतो. पण ज्या जरीवाल्याचे चार लाख तेथे अडकले त्याच्या हातचे कापडाचे भांडवल गेले. आणि हेवी डिपॉझिटवर, म्हणजे नाममात्र भाड्याने किंवा भाड्याशिवाय दिलेले घर सरसकट रांगेत घातले तर मधला आकडा खोटा होतो.

काही दलाल अनामतीवर व्याज धरून तिचे भाडे करतात. मुद्रांक शुल्कासाठी कायदाही परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरतो. त्या हिशेबाने एक लाखाचे महिना ८३३ रुपये होतात. आमच्या गिऱ्हाइकांत व्याजाचा हिशेब नकोसा वाटणारे पुष्कळ आहेत, आणि आम्हांला तर हा हिशेब व्यवहारातही पटत नाही, कारण चार लाख परत मिळण्याची खात्री प्रत्येक मालकाची सारखी नसते. ती खात्री कोणत्या टक्क्यात बसवायची? म्हणून आम्ही दोन ओळी वेगळ्या ठेवतो. तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामत असलेल्या जागा एका ओळीत आणि त्याहून जास्त अनामतीच्या दुसऱ्या ओळीत. वाचणारा आपला हिशेब आपण करतो.

येथेही आम्ही मागितलेले भाडे आणि करारात लिहिलेले भाडे असे दोन आकडे देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ज्याचा करार नोंदलेला नाही त्याचे भाडे आम्ही पानावर घेत नाही, मग तोंडी कोणी काहीही सांगो.

रिकामे दिवस

आता ज्या रकान्यासाठी हे पान खरे म्हणजे काढायचे तो. जागा रिकामी झाल्यापासून लागेपर्यंत किती दिवस गेले. मालकाला भाडे ऐकायला आवडते, दिवस ऐकायला आवडत नाहीत. म्हणून पुष्कळ पत्रकांत हा रकानाच नसतो, आणि असला तर तो कसा मोजला ते लिहिलेले नसते.

मोजणी कोठून सुरू करायची? आम्ही किल्ली देता येईल त्या तारखेपासून धरतो. जुना भाडेकरू गेला, आत रंगकाम चालू आहे, तर तेही दिवस धरायचे, कारण त्या दिवसांचेही भाडे बुडालेच आहे. शेवट कोठे धरायचा? पुष्कळ दलाल टोकनच्या तारखेला घड्याळ थांबवितात. पण टोकन परत जातात. आम्ही करारात ज्या तारखेपासून भाडे सुरू होते ती तारीख धरतो. आणखी एक खोड अशी आहे की, जागा दोन महिने लागली नाही की आठवडाभर जाहिरात काढून घ्यायची आणि "नवीन" म्हणून पुन्हा टाकायची. घड्याळ शून्यावर येते, गाळा मात्र तेवढाच जुना रिकामा असतो. आमच्या वहीत किल्लीची तारीख एकदा लिहिली की बदलत नाही.

याहून मोठी चूक मात्र प्रामाणिक माणसाच्याही हातून होते. आम्ही ती वर्षभर केली. समजा एका तिमाहीत सात गाळे लागले आणि त्यांना दिवस गेले ९, १४, १८, २३, ३१, ४० आणि १२०. मधला आकडा २३. आपण लिहितो, "गाळे २३ दिवसांत लागतात." पण त्याच वेळी आणखी तीन गाळे कुलूप लावून उभे आहेत : एक ६५ दिवस, एक ९० दिवस, एक १४० दिवस. ते लागले नाहीत म्हणून हिशेबातच आले नाहीत. जे सर्वांत वाईट अवस्थेत आहेत त्यांनाच वगळून आपण बाजार चांगला म्हणतो. हे तिन्ही रांगेत घातले की दहा गाळे होतात आणि मध्य ३१ व ४० यांच्यामध्ये, म्हणजे पस्तीस-छत्तीस दिवसांवर जातो. ते तीन गाळे पुढे आणखी कितीही दिवस राहिले तरी हा मध्य हलत नाही, कारण ते आधीच मध्याच्या पलीकडे आहेत. म्हणून सध्याच्या रिकाम्या जागाही रांगेत धरणे सोपे आहे, फक्त मनाची तयारी हवी. आता आम्ही मधल्या दिवसांशेजारी एक आकडा आणखी देतो : दहापैकी किती अजून रिकामे.

हा रकाना हाजीसाहेबांच्या हिशेबाला लावून पाहा. ज्या गल्लीत गाळा लागायला पाच आठवडे लागतात तेथे बसलेला भाडेकरू उठविला तर पाच आठवड्यांचे भाडे जाणार हे धरूनच चालले पाहिजे. १८,००० च्या गाळ्याला ते सुमारे २१,००० रुपये. शिवाय नव्या कराराचा खर्च, दलाली आणि रंग. महिना हजार वाढविण्यासाठी हे केले तर नुसते भाडे भरून यायलाच एकवीस महिने लागतात, आणि करार अकरा महिन्यांचा. हाजीसाहेबांचे तर साडेचार महिन्यांचे ८१,००० गेले. मिळाली महिना हजाराची वाढ. ती वसूल व्हायला ८१ महिने, म्हणजे पावणेसात वर्षे. आणि ती वाढही मास्टर द्यायला तयार होतेच.

थांबणे नेहमीच चुकीचे असते असे मात्र नाही. छत्तीस महिन्यांचा करार करणारा आणि पहिली दोन वर्षे सोडणार नाही असे लिहून देणारा भाडेकरू येत असेल तर एक-दीड महिना थांबण्यात अर्थ आहे. पण तो निर्णय दिवस मोजून घ्यावा, कोणाच्या तोंडचे भाडे ऐकून नव्हे.

गाळा का लागत नाही

दिवसांचा आकडा दुखणे आहे एवढेच सांगतो, कोठे आहे ते सांगत नाही. म्हणून आमच्या वहीत एक रकाना "का नाही" असा आहे. जागा पाहून गेलेल्या प्रत्येकाला दोन दिवसांनी विचारायचे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचे. या रकान्याने आम्हांला जितके शिकविले तितके भावांनी नाही.

एक गाळा चार महिने लागत नव्हता. मालकाने भाडे २२,००० चे २०,००० केले, मग १८,५०० केले. तरी कोणी घेईना. "का नाही" मध्ये पाहिले तर पाच जणांपैकी चार जणांनी एकच गोष्ट सांगितली होती : विजेचा मीटर घरगुती आहे. पाहायला येणारे कोण, तर फर्निचरवाला, बेकरीचे सामान ठेवणारा, एम्ब्रॉयडरीच्या मशिनी लावणारा. त्यांना व्यावसायिक मीटर हवा, एम्ब्रॉयडरीवाल्याला थ्री-फेज हवा. भाडे ५०० ने कमी करून मीटर बदलत नाही. मालकाने जोडणी बदलून घेतली आणि गाळा २०,००० ला लागला. भाडे उतरविण्यात त्यांनी तीन महिने घालविले ते आमच्या दुर्लक्षामुळे, कारण उत्तरे आमच्या वहीत पडून होती.

अनुभवाने एक ठोकताळा बसला आहे. जागा पाहायलाच कोणी येत नसेल तर मागणी जास्त आहे किंवा जाहिरात नीट पोहोचलेली नाही. आठ-दहा जण येऊन पाहून जातात आणि कोणी परत येत नाही, तर दोष जागेत आहे : शौचालय नाही, शटरसमोर दुसऱ्याच्या गाड्या लागतात, सोसायटी ना-हरकत देत नाही. लोक परत येतात, भाड्यावर बोलतात आणि तरी सौदा होत नाही, तर बहुधा अनामतीवर अडते.

शेरा कसा लिहावा

पानाच्या तळाशी आमचा शेरा असतो. यात भलतेच लिहिण्याचा मोह सर्वांत जास्त. "बाजार तेजीत आहे, आताच घ्या" हे वाक्य कोणत्याही तिमाहीत, कोणत्याही गावात छापता येते, म्हणून त्याची किंमत शून्य. आमचा नियम असा की, शेऱ्यात जे लिहायचे त्याच्यामागे वहीतली नोंद दाखविता आली पाहिजे, आणि जेथे अंदाज असेल तेथे "आमचा अंदाज" हे शब्द असलेच पाहिजेत. नमुन्यासाठी एक शेरा असा : "लिफ्ट नसलेल्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावरचे चार फ्लॅट रिकामे आहेत, पहिल्या मजल्यावरचा एकही नाही. भाड्यातला फरक मालक १,००० ठेवतात, पाहणारे २,००० मागतात." वाचणाऱ्याला यातून काहीतरी करता येते.

शेऱ्यात ऋतू सांगणे फार महत्त्वाचे. घरांच्या भाड्याला मे-जूनमध्ये गर्दी होते, कारण जूनमध्ये शाळा उघडतात. म्हणून एप्रिल-जूनची तुलना जानेवारी-मार्चशी करून "भाडे वाढले" म्हणू नये, मागच्या वर्षाच्या एप्रिल-जूनशी करावी. हा नियम घरांना चालतो. आमच्या भागातल्या दुकानांना तोही पुरत नाही, कारण रमजानचा बाजार दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२३ मध्ये ईदुल फित्र २२ एप्रिलला होती, म्हणजे खरेदीचे शेवटचे, सर्वांत गर्दीचे तीन आठवडे एप्रिल-जून तिमाहीत पडले. २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला आली, गर्दी दोन तिमाहींत वाटली गेली. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला झाली आणि सगळा रमजान जानेवारी-मार्चमध्ये गेला. आता एप्रिल-जून २०२५ ची तुलना एप्रिल-जून २०२३ शी केली तर दुकानांची भाडी कोसळल्यासारखी दिसतात. कोसळले काही नाही, चंद्र पुढे गेला. एका महिन्यापुरत्या घेतलेल्या दुकानांची आम्ही म्हणून वेगळी ओळ ठेवतो आणि तिच्यापुढे तिमाहीऐवजी "रमजान" असे लिहितो. त्या ओळीची तुलना मागच्या रमजानशीच होते.

एकच पान, दोघांना

आम्हांला पुष्कळदा विचारतात की, हे पान मालकाला दाखविता ते भाडेकरूलाही कसे देता? दिवसांचा रकाना वाचून तो भाडे कमी मागणार नाही का? मागतो. साठ दिवस रिकाम्या असलेल्या गाळ्याच्या मालकाशी बोलताना तो साठ दिवस मोजूनच बोलतो. पण दलाली आम्ही दोघांकडून घेतो. मालकाला एक बाजार आणि भाडेकरूला दुसरा दाखवायचा, हा दोन वजनांचा तराजू झाला. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही हे बरे पडते. दोघांच्या हाती एकच कागद असला की बोलणी मधल्या आकड्याच्या आसपास सुरू होतात आणि लवकर संपतात. पूर्वी मालक तीसवरून आणि भाडेकरू पंधरावरून सुरुवात करायचे आणि तीन भेटी त्यातच जायच्या.

काही मालक मात्र नाराज होऊन गेले. एकाने स्पष्टच सांगितले की, आपला गाळा ९० दिवसांच्या ओळीत दिसला तर भाव पडेल. आम्ही पानावर कोणाच्या जागेचे नाव किंवा क्रमांक छापत नाही. तरी लहान वस्तीत ओळखू येते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. यावर आमच्याकडे चांगला उपाय नाही. पाचपेक्षा कमी जागा असलेल्या प्रकारात दिवसांचा एकेक आकडा देत नाही, एवढेच करू शकलो.

एवढे सगळे एका पानात बसते का, असा प्रश्न पडेल. बसते, कारण बाकीचे वहीत राहते. पानावर पाचच प्रकार : एक खोली-किचन, दोन खोल्या-किचन, गल्लीतला लहान गाळा, हमरस्त्याचे दुकान आणि वर्कशॉपची मोठी जागा. प्रत्येकापुढे मागणी, ठरलेले भाडे, मधले दिवस आणि किती अजून रिकामे. खाली किती व्यवहारांवरून हे काढले ती संख्या, आणि चार-पाच ओळींचा शेरा. भाग एवढाच घेतो जेवढा पायी फिरता येतो. कौसरबाग आणि मीठानगर यांचे आकडे एकत्र केले तर दोन्हीकडच्या मालकाला त्यातून काही कळत नाही.

मास्टर आता आमचे पान नेतात. गेल्या वेळी ते आले तेव्हा त्यांच्या नव्या मालकाने २,००० वाढ मागितली होती. त्यांनी आपल्या वस्तीच्या ओळीवर बोट ठेवले. पहिल्या मजल्याच्या आठ जागांपैकी तीन रिकाम्या, मधले दिवस ५२. मास्टर म्हणाले, "मी उठलो तर त्याचे पावणेदोन महिने जातात, आणि मी उठलो तर माझेही गिऱ्हाईक जाते. ८०० देतो म्हणून सांगा." आम्ही पान घेऊन मालकाकडे गेलो. ते बराच वेळ त्या ५२ कडे पाहत राहिले आणि हजारावर तयार झाले. मास्टर ८०० वरच अडून होते. शेवटी ९०० वर ठरले, करार नोंदला गेला आणि तो आकडा आम्ही पुढच्या तिमाहीच्या वहीत उतरवून घेतला.